ढकललं कुणी?

दिवाळीच्या सुट्टीतली दुपार. ताईकडे जेवण अंमळ जास्तच झालं होतं आणि मी आडवा होण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात आतल्या खोलीतून भाचीची हाक आली, "मामा, लवकर ये! खुर्चीला मोटर लागलीय!"

भाची सहावीत आहे. तिच्या बाबांनी घरून काम करायच्या दिवसांत एक चाकाची, गोल फिरणारी खुर्ची घेतली होती. आता बाबा पुन्हा ऑफिसात जातात आणि खुर्ची हिच्या ताब्यात आहे. मी आत गेलो तेव्हा ती खुर्चीत बसलेली, दोन्ही हात पंखांसारखे पसरलेले आणि दोन्ही तळव्यांवर शब्दकोशाचा एकेक जाडजूड खंड. पायाने जमिनीला एक रेटा देऊन तिने पाय वर घेतले. खुर्ची संथपणे फिरायला लागली. मग तिने दोन्ही पुस्तकं झटकन छातीशी ओढली आणि खुर्ची गर्रकन फिरली. हात पुन्हा पसरले, खुर्ची पुन्हा मंद.

"बघितलंस? मी पाय लावलाच नाही!"

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. हा प्रयोग मी वर्गात इतक्या वेळा केला आहे की झोपेतही करेन. त्यामुळे माझं उत्तर तयारच होतं: वजन मधल्या आसाजवळ आलं की फिरण्याचा वेग वाढतो, लांब गेलं की कमी होतो. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते दिसलंच की मला. पण जोरात फिरायला कुणीतरी ढकलायला लागतं ना? मला ढकललं कुणी?"

खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला हे विचारलं नव्हतं. ते सूत्र लिहून घेतात आणि पुढच्या गणिताला लागतात. मीही लागतो.

तिचं स्वतःचं एक उत्तर होतं. हात पसरले की हवा अडवते, हात जवळ घेतले की हवा अडवत नाही, म्हणून वेग वाढतो. सायकलवर वाकून बसलं की जोरात जाता येतं, तसंच. उत्तर चुकीचं आहे हे मला माहीत होतं, पण ते तपासता येण्यासारखं होतं आणि चुकीच्या उत्तरात हा गुण असला की मी खूश असतो. मी ताईच्या कपाटावरून बुटांची दोन रिकामी खोकी काढली. शब्दकोशापेक्षा थोडी मोठीच होती, म्हणजे हवेला अडवायला जास्त जागा. खोकी हातात घेऊन ती फिरली, हात जवळ ओढले. वेग वाढला, पण जेमतेम. मोटर काही लागली नाही. पुन्हा पुस्तकं घेतली, पुन्हा मोटर. दोन्हीकडे हवा तीच, फरक होता तो वजनाचा. खोकी रिकामी असूनही थोडा वेग का वाढला, हे तिचं तिलाच सुचलं: "हातांनासुद्धा वजन असतं ना."

मग मोजमाप करायचं ठरलं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एक खंड दीड किलोला किंचित कमी भरला, दुसरा किंचित जास्त. दोन्ही दीड किलो धरले. वजनं साधारण सारखी हवीत, नाहीतर खुर्ची एका अंगाला ओढली जाते आणि कलंडायची भीती असते. खुर्चीची चाकं सरकू नयेत म्हणून तिच्याखाली घडी घालून सतरंजी टाकली. पुढे वाकायचं नाही, ताठ बसायचं, एका वेळी चार-पाचच फेऱ्या घ्यायच्या असं ठरलं. हा शेवटचा नियम कानासाठी होता. कानाच्या आतल्या बारीक अर्धवर्तुळाकार नळ्यांमधला द्रव डोक्याबरोबर फिरायला लागतो आणि डोकं थांबलं तरी काही क्षण फिरत राहतो, म्हणून खोली फिरतेय असं वाटतं.

मोबाइलवर व्हिडिओ घेतला आणि तो थांबवत थांबवत वेळ काढला. हात पसरलेले असताना एका फेरीला ३ सेकंद लागत होते, पुस्तकं छातीशी घेतल्यावर १.४ सेकंद. वेग दुपटीहून जास्त झाला होता. टेपने मोजलं, तर हात पसरल्यावर पुस्तकाचा मध्य खुर्चीच्या मधल्या दांड्यापासून ७० सेंटिमीटरवर येत होता आणि छातीशी घेतल्यावर २० सेंटिमीटरवर.

इथवर सगळं कॉलेजातल्यासारखंच चाललं होतं. पण प्रश्न अजून तसाच होता: ढकललं कुणी?

मी तिला म्हटलं, "आता पुस्तकं झटकन ओढू नकोस. अगदी हळू, एकेक वीत आत घे. आणि खुर्चीकडे नाही, तळहातांकडे लक्ष दे."

तिने डोळे मिटले आणि पुस्तकं हळूहळू आत घ्यायला सुरुवात केली. दोन वेळा काही नाही. तिसऱ्या वेळी मध्येच ओरडली, "मामा, पुस्तकं सरळ आत येतच नाहीयेत! बाजूला पळतायत!"

"कुठल्या बाजूला?"

"मी जिकडे फिरतेय त्याच बाजूला. हाताला पुढे ढकलतायत."

उत्तर सापडलं होतं, आणि तिच्याच तळहातांत.

ते असं. हात पसरलेले असताना पुस्तक ७० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतं. त्या वर्तुळाचा घेर होतो साधारण ४.४ मीटर आणि तो ३ सेकंदांत पुरा होतो. म्हणजे पुस्तक आडव्या दिशेने सेकंदाला जवळजवळ दीड मीटर पळतंय. आता ते ४० सेंटिमीटरवर आणा. तिथला घेर अडीच मीटरच आहे. खुर्ची अजून जुन्याच वेगाने फिरत असेल, तर त्या जागी असलेल्या हाताचा आडवा वेग सेकंदाला जेमतेम ८४ सेंटिमीटर असणार. पण पुस्तक तर बाहेरून मोठा वेग घेऊन आलंय. सावकाश चाललेल्या रांगेत मागून कुणी पळत येऊन घुसावं, तसं ते हाताच्या पुढे निघू पाहतं. तळहात त्याला अडवतो. अडवताना तळहाताला फिरण्याच्या दिशेनेच रेटा बसतो. हात खांद्याला जोडलेला, खांदा धडाला, धड खुर्चीला टेकलेलं. सगळ्यांना मिळून तो रेटा बसतो आणि खुर्ची वेग घेते.

तर ढकललं पुस्तकांनी. हात पुन्हा पसरले की उलटं होतं. आता पुस्तक मागे पडतं, हात त्याला पुढे ओढतो, पुस्तक हाताला मागे खेचतं आणि खुर्ची मंदावते.

यातली एक गोष्ट मला स्वतःला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसली. आपण म्हणतो, हात जवळ घेतले की वेग वाढतो. पण पुस्तकाचा वेग बघा. आधी सेकंदाला दीड मीटर होता. छातीशी आल्यावर घेर सव्वा मीटर आणि फेरी १.४ सेकंदांची, म्हणजे वेग झाला सेकंदाला ९० सेंटिमीटर. पुस्तक चक्क मंद झालं. वेग वाढला तो मुलीचा. पुस्तकांनी आपल्याकडचं काहीतरी तिला देऊन टाकलं.

हे 'काहीतरी' म्हणजेच कोनीय संवेग. पाठ्यपुस्तकात शब्द हाच आहे, कॉलेजात मात्र सगळे अँग्युलर मोमेंटमच म्हणतात. एखाद्या वस्तूजवळ तो किती, हे काढायला वस्तुमान, आसापासूनचं अंतर आणि आडवा वेग या तिन्हींचा गुणाकार करायचा. लांब असताना एका पुस्तकाचा हा हिशेब होतो १.५ गुणिले ०.७ गुणिले १.४७, म्हणजे साधारण दीड. छातीशी आल्यावर १.५ गुणिले ०.२ गुणिले ०.९, म्हणजे पाव आणि वर चिमूटभर. पाचातले चार हिस्से पुस्तकाने सोडले. बाहेरून कुणी हात लावला नाही तर पुस्तकं, मुलगी आणि खुर्चीचं बैठक मिळून एकूण बेरीज तेवढीच राहते. कुणाचा वाटा किती, एवढंच बदलतं.

अंतराचा परिणाम इतका मोठा का, हेही यातच आहे. लांबची वस्तू एका फेरीत जास्त वाट कापते म्हणून तिचा वेग जास्त, हा अंतराचा एक गुणाकार. आणि तोच वेग लांबून लागू होतो, हा दुसरा. दाराला कडीपाशी ढकललं तर ते सहज फिरतं, बिजागरीपाशी ढकलून बघा. म्हणून अंतर साडेतीन पट झालं की फेरीचा तोच वेग राखायला पुस्तकाजवळ सव्वाबारा पट संवेग लागतो. आसापासून वजन कसं पसरलंय याचा असा अंतराच्या वर्गासकट केलेला हिशेब म्हणजे जडत्व आघूर्ण. नाव भारदस्त आहे, पण हिशेब वाण्याच्या वहीइतका सरळ आहे. हात पसरलेले असताना पुस्तकांचा हा आकडा येतो दीडच्या आसपास, छातीशी असताना अवघा ०.१२. मुलीचं अंग, तिचे हात, पुढे आलेले पाय आणि खुर्चीचं बैठक यांचा आकडा टेपने मोजता येत नाही. मी तो हात पसरलेले असताना अंदाजे दीड आणि जवळ घेतल्यावर १.१ धरला. बेरीज ३ वरून १.२ वर येते, म्हणजे वेग अडीचपट व्हायला हवा आणि फेरीला १.२ सेकंद लागायला हवेत. आम्हाला १.४ मिळाले होते.

उरलेला वेग कुठे गेला? काही माझ्या अंदाजातच हरवला असेल. पण खुर्चीच्या बेअरिंगने नक्कीच थोडा खाल्ला. हे ओळखायला तिने दोन गोष्टी केल्या. आधी हात पसरूनच बसून राहिली. फेऱ्या आपोआप मंदावत गेल्या, पुस्तकं हलवली नसतानाही. मग पुस्तकं जवळ घेऊन दोन फेऱ्यांनी पुन्हा पसरली. तेव्हा फेरी ३ सेकंदांवर परत आली नाही, साडेतीनवर गेली. बेअरिंगमधल्या घर्षणातून संवेग दांड्यात, सतरंजीत आणि शेवटी जमिनीत जातो. नाहीसा होत नाही, पृथ्वीच्या खात्यात जमा होतो. पृथ्वीला त्याचं काय.

एवढ्यात दारात आजी येऊन उभी राहिली होती. म्हणजे माझी आई. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "यात काय एवढं? फुगडी घालताना जवळ ओढलं की गती येते, हे आम्हाला शाळेत न जाता ठाऊक होतं." गोष्ट खरी आहे, पण फुगडी मला या कामी लबाड वाटते. तिथे पाय दर पावलाला जमिनीला रेटा देत असतात. वेगातला किती भाग आखडलेल्या हातांचा आणि किती पायांचा, ते वेगळं काढता येत नाही. खुर्चीवर पाय वर घेतले की जमिनीचा संबंध जवळजवळ तुटतो, तिचा उपयोग तेवढाच.

भाचीला आता भलतंच सुचलं होतं. "आणि फिरता फिरता पुस्तकं सोडून दिली तर? वजनच गेलं, म्हणजे मी अजून जोरात फिरेन!"

हे भल्याभल्यांना चुकवतं. मी वर्गात विचारतो तेव्हा निम्मी मुलं हेच म्हणतात. वजन जवळ आणल्यावर वेग वाढतो, तर वजन टाकून दिल्यावर अजून वाढायला हवा, असं वाटतंच. मी काही न बोलता जमिनीवर गादी अंथरली. ती फिरली आणि हात पसरलेलेच ठेवून दोन्ही पुस्तकं एकदम सोडली.

काहीच झालं नाही. खुर्ची होती त्याच संथ गतीने फिरत राहिली. पुस्तकांनी जाताना आपला वाटा बरोबर नेला, तिला काही दिलं नाही. द्यायला हाताला आडवा रेटा द्यावा लागतो, आणि हात सुटताना तो मिळालाच नाही.

पण तिचं लक्ष पुस्तकांकडे होतं. "ही इथे कशी पडली?" तिला वाटलं होतं, पुस्तकं हाताच्या रेषेत, तिच्यापासून सरळ लांब उडतील. हात ओढला जातोय असं तिला सतत जाणवत होतं ना, म्हणून. प्रत्यक्षात ती सोडल्या जागेपासून दोनेक फूट पुढे, फिरण्याच्या दिशेने पडली होती. सुटल्या क्षणी पुस्तकाला फक्त आडवा वेग होता, त्याच सरळ रेषेत ते गेलं. बाहेर ओढणारं कुणी नव्हतंच. उलट हातच पुस्तकाला सतत आत ओढून वर्तुळात ठेवत होता, त्यासाठी प्रत्येक हाताला सुमारे अर्धा किलो वजन उचलण्याइतका जोर लागत होता. छातीशी घेताना तो जोर आणखी वाढतो. जोर लावून पुस्तक आत ओढणं हे कामच आहे, आणि फिरण्याची ऊर्जा जवळजवळ दुप्पट झाली ती त्या कामातून. दुपारच्या जेवणातल्या श्रीखंडाचा थोडा अंश खुर्चीत गेला म्हणायचा.

(दुसऱ्या खंडाची पाठ गादीच्या कडेवर आपटून उसवली. ताईने काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.)

आत ओढल्याने एकूण बेरीज का बदलत नाही, हे पहिल्यांदा पक्कं सांगितलं न्यूटनने, १६८७ मध्ये, पण खुर्चीबद्दल नाही. त्याच्या ऐंशीएक वर्षं आधी, १६०९ साली, केप्लरने दाखवलं होतं की ग्रह सूर्याजवळ आला की जोरात पळतो आणि लांब गेला की रेंगाळतो, पण अशा हिशेबाने, की सूर्यापासून ग्रहापर्यंत ओढलेली रेषा सारख्या वेळात सारखंच क्षेत्रफळ पुसून काढते. न्यूटनने सिद्ध केलं की ओढ नेमकी मध्याकडे असेल तर असंच होणार, मग ती ओढ कितीही असो. मध्याकडची ओढ आडवा रेटा देऊच शकत नाही. आपली पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते तेव्हा सेकंदाला ३०.३ किलोमीटर पळते, जुलैत २९.३.

मग पृथ्वी जवळ आल्यावर जोरात पळते आणि शब्दकोश जवळ आल्यावर मंद होतो, हे कसं? भाचीने हे विचारलं नाही, मीच स्वतःला विचारलं. पृथ्वीला धरून ठेवणारा तळहात नाही. तिला आपला वाटा देऊन टाकायला कुणी नाही, सगळा तिच्याचकडे राहतो. मग अंतर कमी झालं की वेग वाढवण्यावाचून तिला गत्यंतर नसतं. पुस्तक मात्र मुलीशी बांधलेलं होतं, तिला घेऊन फिरणं त्याला भाग होतं.

यापेक्षा मोठी खुर्ची आकाशात आहे. जड तारा इंधन संपल्यावर कोसळतो, त्याचा गाभा स्वतःच्याच ओढीने आत दबत जातो आणि उरतो तो १०-१२ किलोमीटर त्रिज्येचा न्यूट्रॉन तारा. आपल्या सूर्याचं असं होणार नाही, तो तेवढा जड नाही. पण हिशेबापुरता त्यालाच दाबून बघा: सात लाख किलोमीटरची त्रिज्या दहा किलोमीटर झाली, तर २५ दिवसांची फेरी अर्ध्या मिलिसेकंदाच्याही आत येते. हा वेग इतका अचाट आहे की तारा फुटून विखुरला जाईल. खरे तारे कोसळण्याच्या आधी आणि कोसळतानाही आपला बराच संवेग बाहेर टाकतात, त्यामुळे उरलेला गाभा त्या मानाने सावकाश फिरतो. वृषभ राशीतल्या क्रॅब तेजोमेघाच्या पोटात असा एक तारा आहे. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी ज्याचा स्फोट नोंदवून ठेवला, त्याचाच हा गाभा. तो सेकंदाला सुमारे तीस फेऱ्या घेतो. अशा ताऱ्यांचे रेडिओ ठोके ऐकायला लांब जायला नको, नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची दुर्बीण त्यासाठीही वापरतात. क्रॅबमधला ताराही वर्षागणिक मंदावतोय, त्याचंही बेअरिंग काही गुळगुळीत नाही.

संध्याकाळी मी निघायच्या गडबडीत असताना भाचीने शेवटचं आव्हान दिलं. खुर्ची अगदी थांबलेली. पाय वर. कशालाही हात न लावता खुर्ची मागच्या भिंतीकडे वळवून दाखव.

एकूण संवेग शून्य असताना ते शून्यच राहणार, म्हणून जमणार नाही, असं मी म्हणून गेलो. माझ्यासारख्याने असं म्हणायला नको होतं, कारण उलटी पडलेली मांजर हवेत वळून पायांवर पडते आणि तिलाही धरायला काही नसतं. १८९४ साली मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते फोटोंच्या मालिकेत पकडलं होतं. भाचीला मारे माहीत नव्हता. तिने दोन्ही पुस्तकं हात लांब करून समोर धरली आणि उजवीकडे फिरवली. खुर्ची डावीकडे सरकली. मग पुस्तकं छातीशी ओढली, छातीशीच ठेवून परत डावीकडे आणली. खुर्ची उजवीकडे आली, पण अगदी थोडी, कारण जवळच्या पुस्तकाला फारसा संवेग लागत नाही. मग हात पुन्हा लांब. प्रत्येक खेपेला थोडी कमाई.

मी आक्षेप घेतला, की परतीचा रेटा इतका हलका आहे की बेअरिंगच खुर्चीला धरून ठेवत असेल, म्हणजे जमिनीची मदत होतेय. तिने परतीचा हात मुद्दाम जोरात मारून दाखवला. खुर्ची मागे आली, पण गेली होती त्यापेक्षा कमीच. नऊ-दहा खेपांत तिची पाठ माझ्याकडे झाली, तोंड भिंतीकडे.

"आता," ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "यावेळी ढकललं कुणी?"